दोन हप्ते चुकले आणि पतसंस्थेने सतरा हजार खाल्ले

पतसंस्थेचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. तालुक्याच्या गावची, बाजारपेठेत दिमाखदार कचेरी असलेली, दरवर्षी सभासदांना स्टीलचे डबे वाटणारी संस्था म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

एप्रिल २०२२ मध्ये दुकानासाठी २,००,००० रुपये घेतले. १२ टक्के, ३६ हप्ते, महिन्याला ६,६४३. पहिले बारा हप्ते पाच तारखेच्या आत भरले, एकही चुकला नाही. मग वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि मे व जून २०२३ चे दोन हप्ते राहिले. जुलैपासून पुन्हा नियमित भरले आणि ५ नोव्हेंबरला चालू हप्त्यासोबत मागचे दोन्ही, म्हणजे एकूण १९,९२९ रुपये एकदम भरले. थोडक्यात, मी बुडवणारा माणूस नाही. हे आधीच सांगतो, कारण खाली कुणीतरी लिहिणारच, "हप्ता वेळेवर भरायचा ना!"

त्या दिवशी व्यवस्थापक फार गोड बोलले. म्हणाले, "भाऊ, खातं थकीत दिसतंय, सिबिल खराब होईल. नवी हप्तेबंदी करून देतो, थकबाकी शून्य. हप्ताही कमी होईल." हप्ता ६,६४३ वरून ५,७०८ वर आला. मुदत चोवीस महिने. चहा पाजला. सही केली. महिन्याला ९३५ रुपये वाचतायत म्हटल्यावर कुठला दुकानदार नाही म्हणेल?

काही महिन्यांनी मेव्हण्याने, तो बँकेत आहे, सहज विचारलं की बाकी किती राहिली. मी नवी हप्तेबंदी दाखवली. सुरुवातीची रक्कम १,२१,२५८. तो म्हणाला, "एकोणीस हप्ते भरून झाल्यावर एवढी बाकी कशी? खातेउतारा काढ." पासबुक नव्हे, उतारा. पासबुकात फक्त जमा रक्कम छापतात आणि माझ्या सगळ्या पावत्यांवर 'कर्ज हप्ता रु. ६,६४३' एवढंच आहे. उताऱ्यात मात्र ५ जुलै २०२३ ची ओळ अशी होती: दंडव्याज ५,६४५, व्याज ९९८, मुद्दल ०.

ती ओळ मी आजही उघडून बघतो. अख्खा हप्ता भरला आणि मुद्दलात शून्य. ऑगस्टला पुन्हा शून्य. तेव्हाच उतारा मागायला हवा होता, असं आता सगळे शहाणे सांगतात. हातात 'हप्ता जमा'ची पावती असताना कोण उतारा मागतो?

डाव असा आहे. कर्जरोख्यावर लिहिलंय, 'थकीत हप्त्यावर द.सा.द.शे. २ टक्के जादा व्याज'. कचेरीतल्या फलकावर नुसतं 'दंडव्याज २%'. आकारणी केली दरमहा २ टक्के, म्हणजे बारा पट. तीही चुकलेल्या ६,६४३ वर नाही, तर संपूर्ण बाकीवर. बारा हप्त्यांनंतर माझी बाकी १,४१,११७ होती. तिचे २ टक्के म्हणजे महिन्याला २,८२२.

खरी मेख पुढे आहे. मी जे भरत होतो त्यातून आधी दंडव्याज, मग व्याज आणि उरलं तर मुद्दल कापलं. त्यामुळे जुलैचा पूर्ण भरलेला हप्ताही त्यांच्या पुस्तकात 'अपुरा', म्हणून ऑगस्टला पुन्हा अख्ख्या बाकीवर दंड. चुकले दोन हप्ते, दंड लागला सहा महिने: १६,८२१ रुपये.

आता खरा हिशेब. मे महिन्याचा हप्ता १८४ दिवस उशिरा, जूनचा १५३ दिवस. थकीत हप्ता गुणिले २ गुणिले दिवस भागिले ३६,५००. पहिल्याचे ६७, दुसऱ्याचे ५६. एकूण दंडव्याज १२३ रुपये! तेवढ्या दिवसांचं नेहमीचं १२ टक्के व्याज दोन्ही हप्त्यांवर पूर्ण धरलं तरी ७३६. एकोणीस हप्ते वेळेवर भरले असते तर बाकी १,०३,३७८ राहिली असती. तीत हे ८५९ मिळवून ५ नोव्हेंबरला माझी बाकी १,०४,२३७ निघते. त्यांनी दाखवली १,२१,२५८. फरक १७,०२१. योग्य बाकीवर चोवीस महिन्यांचा हप्ता ४,९०७ येतो. म्हणजे 'कमी' करून दिलेल्या हप्त्यातही महिन्याला ८०१ रुपये जास्त, मुदतभर १९,२२४.

हप्ता तपासायला एक्सेलमध्ये एवढंच टाका, व्याजदर, मुदत आणि रक्कम आपापली:

```
=PMT(12%/12,36,-200000)
```

मी हे बाजारात बोललो तेव्हा आणखी माणसं उतारे घेऊन आली. प्रत्येकाचे तीनच रकाने मांडले: कुठला हप्ता किती दिवस चुकला, खरं दंडव्याज, लावलेलं दंडव्याज. एसटीतल्या एका कंडक्टरचा ४,००० चा एकच हप्ता ६१ दिवस राहिला होता. देणं १३ रुपये. लावले ३,६००, कारण बाकी ९०,००० होती. ही चूक असती तर एखाद्याला तरी कमी लागलं असतं ना? एकाच्याही बाबतीत नाही. सगळ्यांचा फरक संस्थेच्याच बाजूने.

मग सरकारदरबार. सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज दिला, उताऱ्यासकट. साहेब म्हणाले, लेखापरीक्षणात काही दोष नाही. अहो, लेखापरीक्षक हप्ता-हप्ता मांडून बघतो का? नंतर उत्तर आलं की हा वाद आहे, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जा. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर टाकलं तर तक्रार बंद, कारण पतसंस्था त्यांच्या अखत्यारीत येत नाही. दंडव्याज मुद्दलात चढवू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बँकांना आणि नागरी सहकारी बँकांनाही बजावलं. आमच्या पतसंस्थेला ते लागू नाही. नावात फक्त सहकार!

मी ४,९०७ च भरायला लागलो, तर संस्थेने कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज ठोकला. त्या अर्जाची नोटीस मात्र लगेच आली. माझा अर्ज ज्या टेबलावर हलत नाही, त्यांचा तिथूनच धावतो. आणि दाखला निघाला तर त्यावर पुनरीक्षण अर्ज करायला आधी येणे रकमेच्या ५० टक्के त्याच संस्थेत भरावे लागतात. म्हणजे चोरानेच मोजलेल्या रकमेचे निम्मे आधी त्यालाच द्या. म्हणून हरकत १०१ च्या सुनावणीतच घ्या, लेखी घ्या, स्वतःचा तक्ता जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.

उतारा देत नसतील तर कलम ३२ चा उल्लेख करून मागा. आपल्या व्यवहाराची नोंद असलेला दप्तराचा भाग बघायचा आणि शुल्क भरून नक्कल घ्यायचा हक्क सभासदाला आहे. हप्ता उशिरा भरताना पावतीवर मुद्दल, व्याज, दंडव्याज वेगवेगळं लिहून घ्या, नाही म्हणाला तर पैसे खिडकीवरून मागे घ्या.

नव्या हप्तेबंदीवर सही करण्याआधी जुन्या खात्याचा अखेरपर्यंतचा उतारा हातात हवा. नव्या रोख्यावर सही केली की त्यावरची रक्कम तुम्ही कबूल केली असं धरतात. सुनावणीत त्यांचा वकील माझ्यासमोर तोच कागद नाचवतोय. सही करावीच लागली तर खाली हाताने लिहा, 'दंडव्याज आकारणी मान्य नाही, हरकत राखून'. आणि जामीनदाराला आधी सांगून ठेवा. माझ्या जामीनदाराला नोटीस गेली तेव्हा त्याने फोन केला तो मला नाही, माझ्या वडिलांना.