अक्षरवळण उचलायचं की फॉन्टची फाइल?

एखाद्या छापील जाहिरातीतलं अक्षर आवडलं आणि तसाच फॉन्ट करायचा ठरवलं, की वाटा दोन. नमुना समोर ठेवून अक्षरं स्वतः काढायची, किंवा तो फॉन्ट मिळवून फाइल फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि थोडे बदल करायचे. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतील, पण कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी कामं आहेत.

अमेरिकेत अक्षरवळणाला, म्हणजे अक्षरांच्या दिसणाऱ्या आकाराला, कॉपीराइट मिळत नाही. १९७८ च्या एल्ट्रा विरुद्ध रिंगर खटल्यात हे पक्कं झालं. फॉन्टच्या फाइलला मात्र संगणक प्रोग्रॅम म्हणून संरक्षण मिळतं. १९९८ मध्ये अ‍ॅडोबीने सदर्न सॉफ्टवेअरवर जिंकलेला खटला याचाच. तिथे अ‍ॅडोबीच्या फॉन्टमधले, अक्षराची कड ठरवणारे बिंदू उचलून आकार उभ्या दिशेने १०१ टक्के केले होते, म्हणजे बिंदूंच्या जागांचे आकडे बदलले, असा बचाव. तो टिकला नाही. ‘क’ची तीच गोलाई चार बिंदूंनी काढता येते आणि सातांनीही, बिंदू कुठे बसवायचे हा करणाऱ्याचा निर्णय असतो आणि संरक्षण त्या निर्णयाला आहे. म्हणूनच चोरी पकडणंही सोपं: दोन फाइलींतले बिंदू एकमेकांवर ठेवले की ताणलेले असले तरी जोड्या जुळतात.

भारतातही २००२ च्या ‘आनंदा एक्स्पांडेड इटॅलिक्स’ प्रकरणात कॉपीराइट बोर्डाने अक्षरवळणाची कलाकृती म्हणून नोंदणी नाकारली, आणि प्रोग्रॅमला कायद्यात जागा आहेच. पण वळणाची डिझाइन कायद्याखाली नोंदणी झाली असेल, तर जास्तीत जास्त १५ वर्षं हात बांधलेले. ब्रिटनमध्ये तर वळणालाच कॉपीराइट आहे, आणि ते बाजारात आल्याचं वर्ष संपल्यापासून २५ वर्षांनी इतरांना मोकळीक मिळते. फॉन्ट परदेशात विकायचा असेल तर हे आधी बघा.

माझं मत पहिल्या वाटेला. छापील नमुना स्कॅन करा, खाली धरून बिंदू स्वतः बसवा. नमुन्यात नसलेली जोडाक्षरं तर तुम्हालाच रचावी लागतील, आणि देवनागरीत खरा घाम तिथेच गाळावा लागतो. विकत घेतलेला फॉन्ट स्क्रीनवर मोठा करून त्यावरून गिरवू नका. परवान्यात त्याला मनाई असेल तर वाद कॉपीराइटचा राहत नाही, कराराचा होतो. मूळ फॉन्टचं नावही आपल्या फॉन्टला देऊ नका. हेल्व्हेटिकाच्या वळणाचा बिटस्ट्रीम कंपनीचा फॉन्ट ‘स्विस ७२१’ या नावाने विकला जातो तो उगाच नाही. हेल्व्हेटिका हे नाव ट्रेडमार्क आहे.

फाइलच हाताळायची असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हा फॉन्ट घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत: बदल करा, वाटा, पुस्तकात वापरा. बदललेला फॉन्टही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि मूळ नाव राखीव असेल तर नवं ठेवावं लागतं.