वायरमनचा तासाचा दर: हजेरीवरून काढावा की वर्षाच्या खर्चावरून?

स्वतःचं काम सुरू केलेले बरेच वायरमन तासाचा दर जुन्या हजेरीवरून ठरवतात. ठेकेदाराकडे हजेरी १,००० रुपये होती, दिवस ८ तासांचा, म्हणजे तासाला १२५. पण हजेरीत सामान आणायला गेलेला वेळही धरला जातो. स्वतःच्या धंद्यात त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

दुसरी पद्धत वर्षाच्या खर्चापासून सुरू होते. समजा, पुण्यात एकट्याने काम करणाऱ्या वायरमनला घरी महिन्याला ३०,००० न्यायचे आहेत, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. पेट्रोल आणि गाडीचे ४८,०००, ड्रिल, मल्टिमीटर, मेगर अशा हत्यारांचे १८,०००, विमा आणि मोबाइलचे २४,०००, व्यवसाय कराचे २,५०० आणि रिटर्न भरून घेण्याचे ३,५००. एकूण ४,५६,०००.

आता दिवस. सुट्ट्या, सण, आजारपण आणि कामाविना गेलेले दिवस वजा करून २४० उरले असं धरू. त्यातही जाणं-येणं, काम बघून अंदाज देणं, उधारीसाठी खेटे घालणं यात वेळ जातो आणि बिलात दिवसाचे ५ तासच येतात. वर्षाचे १,२०० तास, म्हणजे तासाला ३८०. शंभरातले पाच रुपये बुडतात असं धरलं तर ४००.

याच १,२०० तासांचे १२५ दराने दीड लाख होतात. ९६,००० खर्च वजा केला की घरी महिन्याला ४,५०० जातात.

म्हणून घरोघरच्या दुरुस्तीला दुसरीच पद्धत घ्या. येण्यासकट पहिल्या तासाचे ४००, पुढे अर्ध्या तासाला २००. हजेरी मात्र सोडून देऊ नका. गिऱ्हाईक पूर्ण दिवस घेत असेल तर आठही तास विकले जातात, मग ३,२०० मागणं त्याच्यावर अन्याय आहे. आपली दिवसाची गरज ५ गुणिले ४००, म्हणजे २,०००. तीच हजेरी सांगा. हेल्परची मजुरी वेगळी लावा.

कराचं म्हणाल तर ३,६०,००० नफ्यावर २०२५-२६ साली नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही. तरी रिटर्न भरा, कारण मोठ्या कामाच्या बिलातून कंपनीने कापलेला १ टक्का टीडीएस त्यानेच परत मिळतो. जपायचं ते जीएसटीला. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि तुमच्या बिलातून गेलेली वायर, स्विच, एमसीबी हे सगळं उलाढालीत मोजलं जातं. मोठ्या फ्लॅटचं काम असेल तर सामानाचं बिल दुकानदाराकडून थेट मालकाच्या नावाने करून घ्या, तुमचं बिल फक्त मजुरीचं ठेवा.

या सगळ्यात सर्वांत कच्चा आकडा ५ तासांचा. महिनाभर डायरीत बिलाचे तास लिहा. सरासरी ४ वर आली, तर दर ५०० होतो.