इस्ट्रोजेन गोळीतून की त्वचेतून?

रजोनिवृत्तीनंतर हॉर्मोन घ्यायचे डॉक्टरांशी बोलून ठरले, की पुढचा प्रश्न येतो: इस्ट्राडिओल या इस्ट्रोजेनची गोळी घ्यावी की त्याचे जेल त्वचेवर लावावे?

हाडांपुरते पाहिले तर दोन्हींत डावे-उजवे करणे कठीण आहे. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन आटले, की हाड पोखरणाऱ्या पेशी जास्त संख्येने तयार होतात आणि जास्त काळ जगतात. पाळी थांबण्याच्या आगेमागे काही वर्षे मणक्याचे हाड वर्षाला साधारण २ टक्क्यांनी विरळ होते. इस्ट्रोजेन कुठल्याही वाटेने पुरेसे मिळाले, तरी ही झीज आवरते. औषध बंद केले की झीज पुन्हा सुरू होते, हेही दोन्हींना लागू आहे.

खरा फरक रक्तात पडतो. गोळी आतड्यातून आधी यकृतात पोचते आणि तिथे तिचा मोठा डोस एकदम उतरतो. यकृत मग रक्त गोठवणारी प्रथिने जास्त बनवते, रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबीही वाढते. गोळीच्या बाजूने सांगायचे तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ती जेलपेक्षा जास्त उतरवते. पण पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा वाढीव धोका मला सर्वांत जास्त खटकतो. निरीक्षणात्मक अभ्यासांत नेहमीच्या डोसच्या जेल-पॅचने तो धोका वाढलेला दिसलेला नाही. अर्थात तिथे कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते, एवढी सावधगिरी ठेवावी.

समजा, वय ५२, पाळी थांबून १४ महिने, वजन जास्त, ट्रायग्लिसराइड २६०, हाडाची घनता सांगणारा मणक्याचा टी-स्कोअर उणे १.८, म्हणजे हाड थोडे विरळ, गर्भाशय शाबूत, घामाच्या लाटांनी झोप मोडते. इथे मी जेलकडे झुकेन. ०.०६ टक्के जेलचे रोज २ पंप, म्हणजे १.५ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल. सोबत रात्री १०० मिलिग्रॅम मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि त्यात कर्करोगाचा धोका असतो.

जेलची कटकट मात्र खरी आहे. मनगटापासून खांद्यापर्यंत पातळ पसरायचे, पाचेक मिनिटे सुकू द्यायचे, हात साबणाने धुवायचे. तासभर त्या जागेवर पाणी नको, क्रीम नको, आणि लहान मुलाची त्वचा तिथे लागू द्यायची नाही. दोन-तीन महिन्यांनीही लाटा तशाच राहिल्या, तर डोस वाढवण्याआधी लावण्याची पद्धत तपासावी; बऱ्याचदा जेल छोट्याशा जागेत थापलेले असते. सहा महिन्यांनंतरही रक्तस्राव होत राहिला, किंवा थांबून पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहावी.

वजन आणि ट्रायग्लिसराइड आटोक्यात असेल, गुठळीचा इतिहास नसेल आणि रोजचे हे लावणे जमणारच नसेल, तर १ मिलिग्रॅमची गोळी वाईट नाही. मात्र पाळी थांबून १० वर्षे उलटली असतील किंवा साठी ओलांडली असेल, तर नव्याने सुरुवात करण्याआधी रक्तवाहिन्यांचा विचार पहिला करावा. त्यांत मेदाचे थर आधीच साचलेले असू शकतात, आणि उशिरा सुरू केलेले इस्ट्रोजेन हृदयाला वाचवत नाही.