रेस सोडली की फटाके: आधी बेंड पाईपचं पॅकिंग बघावं की कार्बोरेटर?

पसरणी घाटातून वाईकडे उतरताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, रेस पूर्ण बंद, आणि मागून फट्, फट्, मग मध्येच एक मोठा फटाका. रेस दिली की सगळं शांत. कार्बोरेटरवाली जुनी दीडशे सीसी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना हा आवाज नवीन नाही, आणि त्यावर मिळणारे दोन सल्लेही नवीन नाहीत. एक म्हणतो मिश्रण लीन झालंय, कार्बोरेटर ट्यून कर. दुसरा म्हणतो सायलेन्सर कुठेतरी हवा खातोय, पॅकिंग बदल. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असू शकतात. प्रश्न आहे तो सुरुवात कुठून करायची याचा. सायलेन्सर कंपनीचाच आहे असं धरून लिहितोय. इंदोरी फटाका बसवून आवाज मुद्दाम काढणाऱ्यांचा विषय वेगळा.

मुळात दोन्हींमध्ये स्फोट इंजिनात होत नाही, तो पाईपमध्ये होतो. रेस बंद असताना सिलिंडरमध्ये जेमतेम मिश्रण शिरतं, त्यातही आधीच्या फेरीचा जळका वायू बराच मिसळलेला असतो. त्यामुळे अधूनमधून एखादी ठिणगी वाया जाते आणि न जळलेलं पेट्रोल बेंड पाईपमध्ये ढकललं जातं. हे थोड्याफार प्रमाणात प्रत्येक गाडीत होतं. पाईपमधल्या त्या पेट्रोलला ताजी हवा मिळाली आणि मागून पेटता वायू आला की फटाका वाजतो. म्हणजे वाद एवढाच उरतो की वाया जाणाऱ्या ठिणग्या प्रमाणाबाहेर वाढल्यात, की पाईपमध्ये बाहेरची हवा घुसतेय.

पहिल्या बाजूला न्याय द्यायचा तर कार्बोरेटरवरचा संशय बिनबुडाचा नाही. रेस बंद असताना मेन जेटचा काहीच संबंध नसतो, सगळं पेट्रोल पायलट जेटमधून येतं. त्याचं भोक इतकं बारीक की गाडी पावसाळाभर उभी राहिली तर त्यात साका धरतो. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधलं इनटेक रबर चिरलं तरी तोच परिणाम. पण पायलट लीन झाली तर ती फक्त फटाके फोडून थांबत नाही. सकाळी चोक लवकर बंद करता येत नाही. सिग्नलला रेस सोडल्यावर आरपीएम पटकन खाली न येता वरच लटकून राहतो. जरा रेस दिली की पहिल्या क्षणी गाडी अडखळते. यातलं एखादं तरी लक्षण सोबत असलं तर मीही कार्बोरेटरकडे बोट दाखवीन. रबराची शंका असेल तर गाडी चालू ठेवून त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा; आवाज बदलला तर तिथून हवा जातेय.

पाईपमधून हवा बाहेर येते हे सगळ्यांना पटतं, आत कशी जाईल हे पटकन पटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर वायूचा धक्का पाईपमधून पुढे जातो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या क्षणी हेडजवळच्या फटीतून ताजी हवा आत ओढली जाते. फट जितकी हेडच्या जवळ, तितका त्रास जास्त, कारण पाईप तिथेच सर्वांत गरम असतो. सायलेन्सरच्या शेपटाजवळ गंजून भोक पडलं असेल तर आवाज बिघडतो, फटाक्यांना मात्र ते सहसा जबाबदार नसतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरवला ती. मिक्श्चर स्क्रू रिचकडे फिरवला की फटाके कमी होतात, दोष पाईपमध्ये असला तरी! रिच मिश्रण जास्त वेळा पेटतं, वाया जाणाऱ्या ठिणग्या घटतात, आणि फटीतून आत येणाऱ्या हवेला जाळायला फारसं काही उरत नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये दर वेळी तोच प्रयोग: "साहेब, मिक्श्चर लीन होतं, रिच करून दिलंय, आता मारून बघा." मारून बघावं तर खरंच शांत. मग हळूहळू ॲव्हरेज उतरतं, ट्रॅफिकमध्ये गरम गाडी बंद पडली की पटकन चालू होत नाही, प्लग काळाकुट्ट निघतो, आणि फट रुंदावत जाते तसे फटाके परत येतात. पुन्हा गॅरेज, पुन्हा तोच स्क्रू. दुखण्यावर मलम लागतंय असं वाटतं आणि दुखणं दुसरीकडेच असतं, याचा मला भयंकर वैताग आला.

उलट बाजूने तसं होत नाही. पॅकिंग बदललं म्हणून लीन झालेली पायलट लपत नाही. लटकणारा आरपीएम, सकाळचा चोक, सुरुवातीचं अडखळणं, सगळं जिथल्या तिथे राहतं. एक दुरुस्ती दुसरा दोष झाकते आणि दुसरी झाकत नाही, तर न झाकणारी आधी करावी, इतकंच माझं म्हणणं. खर्चाचा मुद्दा दुय्यम, पण तोही त्याच बाजूला झुकतो: हेडमध्ये बसणारी पॅकिंगची रिंग बऱ्याच गाड्यांसाठी शंभराच्या आत मिळते.

माझ्या गाडीत सुरुवात झाली ती सायलेन्सरला काळा रंग मारायला काढला तेव्हापासून. परत बसवताना जुनीच रिंग लावली गेली. ही रिंग मऊ असते, एकदा दाबली गेली की तिने त्या जागेचा आकार घेतलेला असतो, दुसऱ्यांदा ती तशीच बसत नाही. काढून बघितली तेव्हा तिचा बहुतेक भाग स्वच्छ राखाडी होता आणि खालच्या बाजूला, बोटाच्या पेरापेक्षा कमी रुंदीत, काजळीच्या बारीक रेषा आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत आरपार गेलेल्या. शेजारी हेडच्या ॲल्युमिनियमवरही तेवढाच काळा डाग. प्लग तेव्हा काळा होता, म्हणजे गाडी रिच चालत होती आणि तरीही फटाके फोडत होती. माझ्या मते ही जोडी सर्वांत बोलकी. काळा प्लग आणि फटाके एकत्र दिसले तर लीनचा संशय जवळपास सोडून द्यावा. पांढरा प्लग मात्र तितका भरवशाचा नाही, तो बहुतेक वेळा मोठ्या रेसवर गाडी कशी जळते ते सांगतो, बंद रेसचं नाही.

न खोलता तपासायचं तर गाडी थंड असताना, मोकळ्या जागेत चालू करून जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाबावं. जोड घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं. फट असेल तर हेडजवळून किंवा बेंड पाईप सायलेन्सरमध्ये शिरतो त्या क्लॅम्पजवळून फुसफुस ऐकू येते. तिथे साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडेही दिसतात. अगरबत्तीचा धूर जोडाजवळ धरूनही कळतं, पण ती कार्बोरेटरच्या बाजूला अजिबात नेऊ नये.

बसवताना क्रम महत्त्वाचा. आधी सगळं सैल लावून घ्यायचं, मग हेडकडचे दोन नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, मग क्लॅम्प, आणि सायलेन्सरचा मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. मागचा बोल्ट आधी आवळला तर पाईप एका बाजूला ताणलेला राहतो आणि नवी रिंगही तिरकीच दाबली जाते. स्टड एम-६ असेल तर साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. जोर काढला तर हेडमधले आटे जातात आणि स्वस्तातलं काम महागात पडतं. गाडी एकदा गरम होऊन पूर्ण थंड झाली की नट पुन्हा तपासावेत, थोडे सैल झालेले सापडतात.

एक जागा अशी आहे की जिथे दोन्ही पक्ष एकाच नळीत भेटतात. बऱ्याच बीएस-३ आणि बीएस-४ गाड्यांमध्ये प्रदूषण कमी करायला एक्झॉस्ट पोर्टजवळ ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह असतो. रेस बंद झाली की इनटेकची ओढ एका बारीक रबरी नळीतून त्या व्हॉल्व्हला पोचते आणि तो बंद होतो, नाहीतर कंपनीनेच फटाक्यांची सोय केली असं झालं असतं. ही नळी चिरली तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो, पाईपमध्ये हवा जात राहते, आणि चिरेतून इनटेकमध्येही हवा शिरून मिश्रण लीन होतं. पॅकिंग विकत आणण्याआधी ही नळी दोन्ही टोकांशी वाकवून बघावी. तडा बहुतेक टोकालाच असतो.

इंजेक्शनवाल्या बीएस-६ गाड्यांत तर मी पाईपच आधी बघेन. तिथे ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असली तर आत आलेली हवा बघून सेन्सर लीनचा निरोप देतो आणि गाडी स्वतःच पेट्रोल वाढवत बसते.

पॅकिंग नवं बसल्यावरही बारीक फट्‌फट् राहिली तर मग कार्बोरेटर, आणि तेव्हा स्क्रू आधी गॅरेजमध्ये जिथे नेऊन ठेवलाय तिथून मोजायला लागू नये. हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड-दोन फेरे बाहेर काढावा, इंजिन चांगलं गरम असताना आरपीएम सर्वांत वर जातो ती जागा शोधावी आणि तिथून किंचित रिचकडे सरकवून सोडावा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर काढला की रिच होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर उलटं. इंजिनच्या बाजूचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे काढूनही आरपीएम वाढतच राहिला, तर पायलट जेट काढून उजेडासमोर धरून बघावा.