कुरी प्लॉट की लॉग एफटी? बीटा ट्रान्झिशन ओळखायचं असेल तर

दोन्ही काय असतं ते माहीत आहे असं धरून चालतो, फर्मी थिअरी परत काढत बसत नाही. प्रश्न एवढाच की समोर एक बीटा ट्रान्झिशन आहे, ते अलाउड की फर्स्ट फॉरबिडन हे ठरवायचंय, तर स्पेक्ट्रम घेऊन कुरी प्लॉट काढायचा की हाफ लाइफवरून लॉग एफटी काढून टेबलात बघायचं. मी दोन्ही वापरलंय आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण तुमचं काम वेगळं असेल तर उत्तरही वेगळं असू शकतं.

आधी लॉग एफटीचं जे चांगलं आहे ते मान्य करून टाकतो. स्पेक्ट्रोमीटर लागत नाही, सोर्स पातळ हवा ही कटकट नाही. हाफ लाइफ, एंडपॉइंट आणि ब्रँचिंग एवढं असलं की दहा मिनिटांत आकडा हातात. न्यूट्रॉन किंवा ट्रिशियमसारखा आकडा ३ च्या आसपास आला तर विषयच संपला, सुपरअलाउड. ४-५ आला तरी डोळे झाकून अलाउड म्हणा, त्यासाठी प्लॉट काढणं म्हणजे निव्वळ हौस. आणि दहा-बारा ब्रँचेस असलेला न्यूक्लियस असेल तर स्पेक्ट्रमची खिचडी होते, सगळ्या ब्रँचेस एकावर एक बसलेल्या, तिथे कुरी प्लॉटने फक्त सगळ्यात वरची ब्रँच जेमतेम सुटते. बाकीच्यांसाठी लॉग एफटीच.

माझं बिनसलं ते ७ ते ९ च्या पट्ट्यात. दोन ओळखीचे सोर्स घ्या, फॉस्फरस-३२ आणि यिट्रियम-९०. फॉस्फरसचा हाफ लाइफ १४.३ दिवस म्हणजे साधारण १२.३ लाख सेकंद, त्याचा लॉग ६.०९, एंडपॉइंट १.७१ एमईव्हीला log f साधारण १.८, बेरीज ७.९. यिट्रियमचा ६४ तास म्हणजे २.३ लाख सेकंद, लॉग ५.३६, एंडपॉइंट २.२८ एमईव्ही, log f साधारण २.७५, बेरीज ८.१. आता टेबल घेऊन बसा आणि सांगा यातलं अलाउड कुठलं. आकड्यांवरून दोघं सख्खे भाऊ वाटतात, पण फॉस्फरस आहे १+ वरून ०+, पॅरिटी तीच, सरळ अलाउड, आणि यिट्रियम २- वरून ०+, युनिक फर्स्ट फॉरबिडन. फॉस्फरसचा आकडा एवढा मोठा येतो कारण d3/2 मधल्या न्यूट्रॉनला s1/2 मधला प्रोटॉन व्हायचंय आणि गॅमो-टेलर ऑपरेटर l बदलू शकत नाही, म्हणजे दोष न्यूक्लियर स्ट्रक्चरचा आणि शिक्षा क्लासिफिकेशनला. कार्बन-१४ तर अजून पुढे, अलाउड असून लॉग एफटी ९!

बरं हेही चालवून घेतलं असतं. पण खरी चीड येते ती f मुळे. वर जो f वापरला तो अलाउड ट्रान्झिशनचा. युनिक फर्स्ट फॉरबिडन असेल तर f1 वेगळा घ्यायचा, मग यिट्रियमचा आकडा ८.१ वरून ९.२ च्या आसपास जातो, डेटाशीटमध्ये शेजारी 1u असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे ट्रान्झिशन कुठल्या प्रकारचं हे ठरवायला जो आकडा काढतोय तो काढायला प्रकार आधी माहीत पाहिजे. डेटाशीटवाल्यांचं काही चुकत नाही, त्यांना स्पिन-पॅरिटी आधीच माहीत असते, पण ज्याला तेच शोधायचंय त्याने काय करायचं? माझ्यापुरतं तरी इथेच पारडं फिरलं.

आता हीच जोडी कुरी प्लॉटवर टाका. एनर्जीच्या बिनमध्ये काउंट्स असतील तर

```
K = sqrt( N / (F * p * W) )
```

(मोमेंटमच्या बिनमध्ये असतील तर p * W च्या जागी p * p, हे गल्लत करण्याचं लाडकं ठिकाण आहे, आणि झाली की सरळ रेघ पण वाकते.) फॉस्फरस जवळपास सरळ येतो आणि रेघ १.७१ ला टेकते. यिट्रियम मात्र वाकतो, आणि कुठे वाकतो ते बघण्यासारखं आहे. शेप फॅक्टर p² + q², इलेक्ट्रॉनच्या मासच्या युनिटमध्ये W0 = ५.४६. शून्य एनर्जीला फॅक्टर साधारण २०, मध्ये ०.८८ एमईव्हीला सगळ्यात कमी म्हणजे १४, आणि एंडपॉइंटला जवळजवळ २९. म्हणून वरच्या टोकाला प्लॉट फुगतो आणि मग एकदम खाली उतरतो. १ ते १.८ एमईव्हीमधले पॉइंट्स घेऊन पट्टी लावली तर रेघ २.२८ ला न जाता जवळजवळ अडीचला जाते, आणि खरे पॉइंट्स तिच्या खाली राहतात. हे एकदा दिसलं की अलाउडचा संशयच उरत नाही. मग K ला sqrt(p² + q²) ने भागायचं, रेघ सरळ झाली की काम झालं.

q साठी W0 लागतोच, म्हणजे इथेही थोडं गोल फिरणं आहे हे कबूल. पण इथे अंदाजाने W0 टाकायचा, रेघ काढायची, जो इंटरसेप्ट येईल तो परत टाकायचा, दोन-तीन फेऱ्यांत बसतं. आणि प्रकारच चुकीचा धरला असेल तर रेघ सरळ होत नाही, ते डोळ्यांना दिसतं. लॉग एफटीमध्ये चुकीचा f टाकला तरी आकडा येतो तो अगदी सभ्य दिसणारा.

कुरी प्लॉटची दुखणी कमी नाहीत. सोर्स जाड असेल किंवा मागच्या बॅकिंगवरून इलेक्ट्रॉन उलटे येत असतील तर खालच्या एनर्जीला पॉइंट्स वर उठतात आणि नवखा माणूस लगेच फॉरबिडन म्हणून मोकळा होतो. ओळखायचं सोपं आहे, हा उठाव तळाशीच असतो आणि सोर्स पातळ केला की कमी होतो, खऱ्या शेप फॅक्टरचा फुगवटा वरच्या टोकालाही असतो आणि तो सोर्स बदलून हलत नाही. म्हणून मी खालच्या भागावर फारसा विश्वास ठेवत नाही, वरचा अर्धा भाग बघतो. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक स्ट्रॉन्शियम-९० चा सोर्स असतो, त्यात यिट्रियम आपोआप येतो, स्ट्रॉन्शियमचा एंडपॉइंट ०.५५ एमईव्ही त्यामुळे त्याच्या वर जे आहे ते निव्वळ यिट्रियमचं. जो भाग हवा तोच स्वच्छ मिळतो.

एका ठिकाणी मात्र कुरी प्लॉट साफ फसतो ते सांगायला हवं नाहीतर तुम्ही मलाच शिव्या द्याल. फर्स्ट फॉरबिडन पण नॉन-युनिक असेल तर बऱ्याचदा रेघ सरळच येते. सोनं-१९८ ची मुख्य ब्रँच, २- वरून २+, एंडपॉइंट ०.९६ एमईव्ही, पॅरिटी बदलते तरी प्लॉट जवळपास अलाउडसारखाच. तिथे लॉग एफटी ७.४ आहे, तो निदान शंका तरी घ्यायला लावतो. पण फॉस्फरसच्या ७.९ ने आपल्याला आधीच दाखवलंय की त्या शंकेतून उत्तर निघत नाही, त्यामुळे सोन्यासारख्या केसमध्ये दोन्ही बाजूला ठेवून गॅमाच्या अँग्युलर कोरिलेशनकडे वळावं लागतं. तुमच्याकडे एकच ब्रँच असलेला शुद्ध बीटा सोर्स असेल, आकडा ७ च्या वर असेल आणि डिटेक्टर रिकामा पडला असेल, तर मी तरी आधी स्पेक्ट्रम घेईन.