46 हजार किलोमीटरची स्विफ्ट आणि टायरवरचा 1421

जुनी गाडी घेताना मी हिशोब न करता पैसे दिले नाहीत. कागदावर आकडेमोड केली, इन्स्पेक्शन रिपोर्ट हातात ठेवून भाव पाडला, आणि तरीही एक लाखाच्या वर रकमेला फसलो. पुण्यात सध्या जे कोणी जुनी गाडी शोधत असतील त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय.

गाडी स्विफ्ट, पेट्रोल, जून 2017 ची, एमएच 12 पासिंग. मी ती ऑगस्ट 2024 मध्ये शहरातल्या एका डीलरकडे पाहिली. मीटरवर 46,210 किलोमीटर. "सेकंड ओनर आहे, किलोमीटर जेन्युइन," असं त्याने तोंडी सांगितलं आणि व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं. मागणी 4,90,000.

मी माझ्या ओळखीतून एक माणूस तपासणीला नेला. त्याने प्रामाणिकपणे काम केलं, हे आधीच सांगतो. चेसिस सरळ, ॲक्सिडेंट नाही, इंजिन कोरडं. दोष तीन लिहिले: क्लच जड, पुढच्या सस्पेन्शनमध्ये आवाज, आणि चारही टायर बदलायला आलेले. टायरपुढे लिहिलं होतं, "नक्षी 2 मिमी, मेक 1421."

मग माझं गणित. सात वर्षांची, साधारण 80,000 किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची अशी स्विफ्ट तेव्हा 4,60,000 च्या आसपास सुटत होती. (सुटत होती म्हणजे सौदा होत होता. जाहिरातीतली मागणी त्याहून वीस-तीस हजार जास्तच असते, तिच्यावरून मूळ भाव धरू नये.) माझा ठोकताळा असा, की अपेक्षेपेक्षा कमी किंवा जास्त चाललेल्या दर किलोमीटरला एक रुपया. ही गाडी सुमारे 34,000 किलोमीटर कमी चाललेली, म्हणून अधिक 34,000. दुसरा मालक म्हणून पाच टक्के, म्हणजे 23,000 वजा. टायरचे 18,000 वजा. उत्तर आलं 4,53,000. क्लच आणि सस्पेन्शनचं मी काही धरलं नाही, कारण 46 हजारांवर क्लच जात नाही, तार जड झाली असेल असं वाटलं. सौदा 4,55,000 ला ठरला. आपण बरोबर भावात घेतली, असं समाधान वाटलं.

महिन्याभरात घरचे सगळे बसवून भोरला निघालो. जुन्या कात्रज घाटात तिसऱ्या गियरला पाय दाबला तर इंजिनचा आवाज चढला, गाडी मात्र तिथेच. मागून पीएमपीची बस हॉर्न देत होती, आई घाबरून दाराला धरून बसली होती. क्लच घसरत होता.

नाना पेठेतल्या मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. क्लच प्लेट खिळ्यांपर्यंत संपलेली. सर्व्हिसिंगही करून टाकू म्हणून त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला, फिल्टर बाहेर काढला आणि माझ्यासमोर धरला. फिल्टरच्या कडेला काळ्या मार्करने लिहिलं होतं, 102600. बाहेरचे मेकॅनिक पुढच्या बदलीची आठवण राहावी म्हणून असं लिहितात. काका म्हणाले, "दादा, मीटर फिरवणारा डबा उघडत नसतो."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. आता आरसीवर माझं नाव होतं, त्यामुळे गाडी नंबरवरून त्यांनी जुन्या नोंदी दाखवल्या. शेवटची नोंद मे 2021 ची: 54,800 किलोमीटर. म्हणजे तीन वर्षांपूर्वी गाडी आजच्या मीटरपेक्षा जास्त चाललेली होती.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. हे सगळं माझ्या रिपोर्टमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1421 म्हणजे 2021 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी 2017 ची. चारही टायर एकाच आठवड्याचे, म्हणजे मूळचा पूर्ण सेट तोवर झिजून बदलला होता. आणि हा दुसरा सेटही 2 मिमीवर आलेला, म्हणजे 1.6 मिमीची कायदेशीर मर्यादा जवळ. अशा छोट्या गाडीचा एक सेट साधारण 40 ते 50 हजार किलोमीटर जातो. दोन सेट संपलेत आणि मीटर 46 हजार सांगतोय, हे जुळतच नाही. त्यात जड क्लच आणि वाजणारं सस्पेन्शन. तिन्ही दोष एकच गोष्ट सांगत होते आणि मी त्यातल्या एकाचे 18,000 वजा करून मोकळा झालो. तपासणाऱ्याने मीटरचा आकडा फक्त उतरवून घेतला होता. तो खरा असल्याची खात्री त्याने दिलेली नव्हती आणि मी ती विचारलीही नाही.

टायरची खूण नेहमी चालेल असं नाही. एखाद्याने दगड लागून एक-दोन टायर आधी बदललेले असतात. विकण्याआधी डीलरने चारही नवे टाकले, तर मग त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा एकच मार्ग: टोकन देण्याआधी अधिकृत वर्कशॉपच्या नोंदींची प्रिंट मागायची. नोंदी फक्त मालकाला देतात, म्हणून ती विकणाऱ्यानेच आणायची. नाही म्हणाला तर त्या गाडीला कमी किलोमीटरचा एक रुपयाही चढवून द्यायचा नाही.

मालकांचं तर सरळ दिसण्यासारखं होतं. आरसीवर ओनर सिरियल नंबर असतो, एम-परिवहन ॲपवरही कितवा मालक ते दिसतं. मी आरसीवर नाव आणि चेसिस नंबर जुळवले, हा आकडा पाहिला नाही. माझ्या नावाची आरसी पोस्टाने आली तेव्हा तिच्यावर 4 होता. सेकंड ओनर असता तर माझ्यावर 3 आला असता.

खऱ्या आकड्यांवर पुन्हा हिशोब केला. मूळ 4,60,000. किलोमीटर किमान 1,10,000 धरले, म्हणजे 30,000 जास्त, तेवढे रुपये वजा. तिसरा मालक, म्हणून दोन वेळा पाच टक्के, 46,000 वजा. टायर 18,000, क्लच 12,000, सस्पेन्शन 8,000. राहिले 3,46,000. मी 1,09,000 जास्त मोजले.

डीलर म्हणतो, "आम्ही जशी घेतली तशी दिली," आणि डिलिव्हरी नोटवर बारीक अक्षरात किलोमीटरची हमी नसल्याचं छापलेलं आहे. पण त्याचा "जेन्युइन" लिहिलेला मेसेज माझ्याकडे आहे. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, मी ती त्याआधीच दाखल करतोय. वर्कशॉपची प्रिंट, रिपोर्ट आणि मेसेजचे स्क्रीनशॉट फायलीत लावलेत. तो जुना फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, मार्करचा आकडा पुसला जाऊ नये म्हणून.