सिलॉजिझम: एक आकृती की दोन?

सिलॉजिझमच्या प्रश्नात दिलेली विधाने खरी मानायची आणि त्यांतून कोणता निष्कर्ष नक्की निघतो, ते वर्तुळांची आकृती काढून तपासायचे. समजा विधाने अशी: सर्व पेन वह्या आहेत. काही वह्या पुस्तके आहेत.
निष्कर्ष: (1) काही पेन पुस्तके आहेत. (2) एकही पेन पुस्तक नाही.

एकाच आकृतीवर भागवणारे वहीच्या वर्तुळात पेनचे छोटे वर्तुळ काढतात आणि पुस्तकाचे वर्तुळ वहीला छेदत नेतात. ते पेनला लागले, तर पहिला निष्कर्ष बरोबर वाटतो. लांब राहिले, तर दुसरा. म्हणजे उत्तर हात कुठे वळला त्यावर ठरते!

दोन आकृत्यांच्या पद्धतीत पहिली आकृती कमीत कमी छेद देऊन काढायची. मग दुसरी मुद्दाम निष्कर्ष मोडण्यासाठी काढायची, विधाने मात्र सांभाळून. इथे दोन्ही निष्कर्ष मोडतात, त्यामुळे एकटा कोणताच निघत नाही. पण पेन आणि पुस्तक यांचा एक तर थोडा तरी छेद असेल, नाहीतर मुळीच नसेल. म्हणून उत्तर ‘एकतर 1 किंवा 2’. एकाच आकृतीत हा पर्याय दिसतच नाही.

आता तिसरे विधान जोडू: एकही पुस्तक पेन्सिल नाही. ‘काही वह्या पेन्सिली नाहीत’ हे पक्के, कारण पुस्तकात शिरलेला वहीचा भाग पेन्सिलीपासून कायम दूर राहतो. उलटे, ‘काही पेन्सिली वह्या नाहीत’ मात्र चालत नाही. पेन्सिलीचे आख्खे वर्तुळ वहीच्या पुस्तकाबाहेरील भागात बसवले की ते कोसळते.

‘सर्व अ ब आहेत, सर्व ब क आहेत’ असली साखळी आली आणि निष्कर्ष ‘सर्व अ क आहेत’ असेल, तर दुसरी आकृती काढण्यात वेळ घालवू नका.